आधी सांगा, मग विचारा

पत्र : मी जळगावात एका फिजिशियनच्या दवाखान्यात वर्षभरापासून रिसेप्शनला आहे. सगळ्यांशी हसून बोलते, ‘घाबरू नका’ असेही सांगते, तरी पेशंट काउंटरवरच चिडतात किंवा रडवेले होतात. मागच्या आठवड्यात एका बाईंच्या मुलाने डॉक्टरसाहेबांकडे तक्रार केली की ‘तुमच्या मॅडम आमच्यावर हसल्या’. मी स्वागत करत होते हो! घाबरलेल्या माणसाशी पहिले वाक्य नेमके काय बोलावे? आणि सकाळी चाळीस माणसे दाराशी असताना हे जमणार कसे?

उत्तर : ताई, तुमच्या काउंटरवर सकाळपासून जी वाक्ये पहिल्यांदा बोलली जातात ती एकदा आठवून पाहा. ‘नंबर लावलाय का?’, ‘जुना पेपर की नवा?’, ‘फाईल आणली?’, ‘कुठून आलात?’ यांतले एकही वाक्य उद्धट नाही, पण प्रत्येक वाक्य समोरच्याकडे काहीतरी मागते. धडधाकट माणूस त्याचे उत्तर सहज देतो. घाबरलेल्या माणसाचे लक्ष मात्र एकाच गोष्टीवर खिळलेले असते, आणि ती गोष्ट म्हणजे आत डॉक्टर काय सांगणार. अशा वेळी हातातल्या पिशवीत जुना केस पेपर आहे हे त्याला ठाऊक असूनही तो सापडत नाही, घरातला मोबाइल नंबर आठवत नाही, आणि मागे रांग उभी असल्यामुळे आपण सगळ्यांसमोर नापास झालो अशी त्याची भावना होते. चिडणे आणि रडू येणे बहुधा इथूनच सुरू होते. म्हणून माझा पहिला सल्ला क्रमाचा आहे: आधी तुम्ही काहीतरी सांगा, आणि मगच काहीतरी विचारा.

सांगायच्या गोष्टी दोनच आहेत. एक, तुम्ही आलात हे मी पाहिले. दोन, आता यानंतर काय होणार. ‘या मावशी, बसा. मी तुमचं नाव लिहून घेते, मग सिस्टर बीपी बघतील.’ एवढे पुरते. यात ‘या मावशी’ने पहिली गोष्ट सांगितली गेली आणि उरलेल्या शब्दांनी दुसरी. ‘बसा’ हा शब्द मात्र खरा असायला हवा, म्हणजे काउंटरच्या अगदी जवळ एक खुर्ची रिकामी ठेवलेली हवी. पलीकडच्या भिंतीशी असलेल्या बाकाकडे हात दाखवून ‘बसा’ म्हटले की माणसाला आपल्याला बाजूला काढले असे वाटते, आणि नाव सांगायला त्याला पुन्हा उठून यावेच लागते. ही एक खुर्ची प्रतीक्षेची धरू नका. नाव सांगेपर्यंत बसायची ती जागा आहे, हे शिपायालाही सांगून ठेवा.

आता ‘घाबरू नका’विषयी. हे वाक्य मायेपोटीच येते, तरी ते सोडून द्यावे असे मी म्हणेन. 2005 साली ‘पेन’ म्हणजे ‘वेदना’ या नावाच्या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. शरीरात नळी घालून कराव्या लागणाऱ्या उपचारांच्या वेळी रुग्णांशी काय बोलले जाते ते त्यात तपासले होते. ‘आता दुखेल’, ‘टोचेल’ अशा शब्दांत आधी कल्पना दिली की रुग्णांची वेदना आणि चिंता दोन्ही वाढलेली दिसली, आणि नंतर तशाच शब्दांत सहानुभूती दाखवली तरी चिंता वाढलेलीच आढळली. तो अभ्यास काउंटरचा नव्हता, त्यामुळे त्याला फार ताणू नये. पण ज्या शब्दात भीती आहे तो शब्द ‘नका’ जोडल्याने निरुपद्रवी होत नाही, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. काउंटरवर तर आणखी एक गोष्ट होते: ‘घाबरू नका’ असे तुम्ही मोठ्याने म्हणता तेव्हा बाकावरच्या सगळ्या माना वळतात, आणि ज्या बाई आपली भीती पदरात लपवत होत्या त्यांची भीती तुम्ही जाहीर करता. हात थरथरताना दिसले, शब्द फुटेना झाला, तर ‘सावकाश सांगा, मी थांबते’ असे म्हणा आणि खरोखर थांबा. पेन खाली ठेवा. तेवढ्याने त्यांना वेळ मिळतो, आणि भीतीचे नावही निघत नाही.

हसण्याच्या तक्रारीकडे वळते. तुमच्या दवाखान्यात त्या दिवशी काय झाले ते मला माहीत नाही, परंतु अशी तक्रार बहुधा दोन प्रकारांनी जन्माला येते. पहिला प्रकार असा की काउंटरमागे कंपाउंडरशी किंवा सिस्टरशी काही गंमत चाललेली असते, तेवढ्यात दार उघडते, आणि आधीचे हसू चेहऱ्यावर तसेच असताना नजर पेशंटकडे जाते. आलेल्या माणसाला त्या हसण्याचा आरंभ दिसलेला नसतो. त्याला एवढेच दिसते की आपण आत आलो आणि या हसल्या. दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. स्वागताचे म्हणून जे हसू आपण सकाळी दहाला चेहऱ्यावर चढवतो आणि दुपारी दोनला उतरवतो, ते समोरच्याच्या चेहऱ्याप्रमाणे बदलत नाही. रडून आलेल्या बाईलाही तेच, औषधाच्या कंपनीच्या प्रतिनिधीलाही तेच. न बदलणारे हसू घाबरलेल्या माणसाला निर्विकार चेहऱ्यापेक्षाही परके वाटते.

म्हणून क्रम पुन्हा महत्त्वाचा. आधी नजर, मग शब्द, आणि हसू सर्वांत शेवटी. दार उघडले की मान वर करा आणि आलेल्या माणसाचा चेहरा बघा. तो चेहरा तुम्हाला सांगेल की हसू किती द्यायचे. ताप-खोकल्याचा नेहमीचा पेशंट असेल तर मोकळे हसा. ओठ घट्ट मिटलेले, नजर जमिनीकडे, हातातला रिपोर्टचा लिफाफा छातीशी धरलेला असे काही दिसले, तर ओठांचे हसू जवळजवळ नकोच. डोळे किंचित मऊ होणे आणि मान हलकेच झुकवणे एवढे पुरे. खऱ्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचे स्नायूही आकुंचन पावतात, हे दुशेन नावाच्या फ्रेंच वैद्यकाने एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवले आहे, आणि आज त्याच्याच नावाने ते हसू ओळखले जाते. तुम्ही मास्क लावून बसत असाल तर पेशंटला ओठ दिसतच नाहीत, त्याच्यापर्यंत फक्त डोळे आणि आवाज पोहोचतात. आणि माणूस आपले दुखणे सांगू लागला की हसू थांबले पाहिजे. ‘रात्रीपासून छातीत कसंतरी होतंय’ हे हसऱ्या चेहऱ्याने ऐकून घेतले जाणे कोणालाही सहन होत नाही.

एक प्रसंग बारकाईने घेऊ. मे महिन्याची दुपार आहे असे धरा. यावलकडच्या एका गावाहून एसटीने एक पंचावन्न वर्षांच्या बाई मुलासोबत आल्या आहेत. बाहेर पारा चव्वेचाळीसवर आहे. मुलाच्या हातात सोनोग्राफीचा मोठा लिफाफा आहे, तो त्यांनी उघडून वाचला आहे, इंग्रजीतले दोन शब्द त्यांना कळले नाहीत आणि नेमके त्याच दोन शब्दांची त्यांना धास्ती आहे. बाई डोक्यावरचा पदर दाताखाली धरून मुलाच्या मागे उभ्या आहेत. तुमच्या कानाला फोन आहे.

सर्वांत आधी, फोनवर असतानाच त्यांच्याकडे बघा आणि हाताने खुर्ची दाखवा. पलीकडच्या माणसाला ‘एक मिनिट थांबा’ सांगून रिसीव्हर खाली धरा आणि म्हणा, ‘या मावशी, बसा. एवढं बोलून लगेच तुमचं नाव घेते.’ फोन संपेपर्यंत आता त्या उभ्या राहणार नाहीत, आणि आपली दखल घेतली गेली की नाही याची चिंताही त्यांना राहणार नाही. फोन ठेवल्यावर मुलाला न विचारता त्यांनाच नाव विचारा. मुलगा उत्तर देईल, देऊ द्या, पण बघा बाईंकडेच. पेशंट त्या आहेत. मग पाणी विचारा. उन्हातून आलेल्या माणसाला आपल्याकडे पाणी देतातच, मात्र ते नाव लिहिल्यानंतर द्या, कारण नाव लागले की नाही या काळजीत पाणीही घशाखाली उतरत नाही. एक पथ्य इथेच सांगते. त्या दिवशी सोनोग्राफी पुन्हा होणार असेल किंवा उपाशीपोटी रक्त घ्यायचे असेल तर पाण्याबाबतही आधी सिस्टरला विचारा.

आता तो लिफाफा. मुलगा तो पुढे करील आणि म्हणेल, ‘मॅडम, जरा बघा ना, काही गंभीर नाही ना?’ या क्षणी लिफाफा उघडू नका. तुम्ही रिपोर्ट वाचता त्या वेळी बाई तुमचा चेहरा वाचत असतात. तुमची भुवई जरा वर गेली, तुम्ही एक ओळ दोनदा वाचली किंवा आधीचे हसू हळूच मावळले, तरी त्यांनी मनात निकाल लावून टाकलेला असतो, आणि तो घेऊन त्या पाऊण तास बाकावर बसून राहतात. तुम्हाला प्रत्यक्षात फक्त अक्षर लागले नसेल! ‘काही नाही होणार’ असेही म्हणू नका, कारण ते तुम्हाला माहीत नाही, आणि आत गेल्यावर डॉक्टरांनी वेगळे सांगितले तर तुमच्या पुढच्या कोणत्याही शब्दावर त्या विश्वास ठेवणार नाहीत. नुसते ‘डॉक्टर सांगतील’ म्हणणेही दार लावून घेतल्यासारखे ऐकू येते. त्याऐवजी असे म्हणा: ‘रिपोर्ट डॉक्टरसाहेबच वाचतात, मी तो उघडत नाही. तुमच्या फाईलला लावून आत ठेवते, म्हणजे तुम्ही आत जाल तेव्हा तो त्यांच्यासमोर असेल. तुम्हाला त्यांना काय विचारायचंय ते कागदावर लिहून देऊ का?’ यात एकही खोटा शब्द नाही, आणि त्यांच्या भीतीला एक काम मिळाले. त्या दोन शब्दांचा अर्थ विचारायचा आहे असे मुलगा सांगेल. ते तसेच लिहा आणि कागद फाईलच्या वर टाचा.

आवाजाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण खानदेशच्या उन्हाळ्यात त्याचा घोटाळा फार होतो. दवाखान्यात कूलर घरघरत असतो, वर पंखा फिरत असतो, काउंटरला काच असते आणि काचेतले भोक नेमके बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या वर असते. त्यामुळे आपण नकळत आवाज चढवतो. चढवलेल्या आवाजाचा सूरही वर जातो, आणि ‘नाव काय म्हणालात?’ हे साधे वाक्य पलीकडे खेकसल्यासारखे ऐकू येते. गोड बोलायचा निश्चय करून यावर उपाय होत नाही. कूलरचे तोंड बाकांकडे वळवा, तो काउंटरपासून दूर सरकवा, बोलताना काचेच्या कडेने पुढे झुका किंवा सरळ उठून बाहेर या. मग आवाज आपोआप खाली येतो. वाक्याच्या शेवटी सूर उतरता ठेवा. ‘बसाऽ’ असा वर गेलेला सूर घाईचा वाटतो, तर ‘बसा’ असा खाली टेकलेला सूर जागा दिल्यासारखा वाटतो. तुमचा सूर कुठे जातो हे पाहण्यासाठी दवाखाना रिकामा असताना तुमची रोजची चार वाक्ये मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. पेशंटशी चाललेले बोलणे मात्र कधीही रेकॉर्ड करू नका.

सूर उतरता ठेवण्यापेक्षाही अवघड प्रकार म्हणजे तोच प्रश्न पुन्हा येणे. घाबरलेला माणूस ‘अजून किती वेळ?’ हे तीनदा विचारतो, कारण पहिल्या उत्तरातले त्याच्या डोक्यात फारसे टिकलेले नसते. तिसऱ्यांदा आपण म्हणतो, ‘सांगितलं ना मघाशी!’ आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते. तिन्ही वेळा शक्यतो त्याच शब्दांत उत्तर द्या. शब्द बदलले की त्याला वाटते काहीतरी बदलले आहे.

वेळेचे उत्तर देताना ‘पाचच मिनिटं’ हे वाक्य टाळा. तुमचे डॉक्टर एका पेशंटला साधारण सात-आठ मिनिटे देत असतील आणि पुढे चौघे असतील, तर हिशेब अर्ध्या तासाचा होतो. तिथे ‘तुमच्याआधी चौघे आहेत, पाऊण तास धरा’ असे सांगा. आधी सांगितलेल्या वेळेपेक्षा लवकर नंबर आला तर कोणी तक्रार करत नाही. मध्येच इमर्जन्सी आली आणि वेळ वाढली, तर लोक विचारायला येण्याआधी तुम्ही उठून सांगा.

कोणाला काय म्हणून हाक मारायची, हे तुम्ही जळगावच्या असल्याने मी शिकवण्याची गरज नाही. आप्पा, नाना, आबा, भाऊ, जिभाऊ, मावशी, अक्का यांतले जे वयाला शोभेल ते. अमळनेर, पारोळा, धुळ्याकडून आलेल्या माणसाला त्याच्या अहिराणीत ‘या आप्पा, बठा’ म्हटले की त्याचे खांदे सैल होतात, हे मी पाहिलेले आहे. पण ती तुमच्या घरात बोलली जात असेल तरच बोला. शिकून लावलेला हेल चेष्टेसारखा लागतो. आणि चोपडा, शिरपूरकडून सातपुड्यातला आदिवासी माणूस येतो तेव्हा काउंटरवर सहज ‘तू’ निघते, ते मात्र ठरवून बंद करा. त्याला मराठी कमी समजत असेल तर लहान वाक्ये करा आणि बोटांनी नंबर दाखवा. आवाज मोठा केल्याने भाषा समजत नाही.

काउंटरवर ‘काय होतंय?’ हे मोठ्याने विचारू नका. पाळी, लघवी, गाठ, दारू या गोष्टी वीस माणसांत कोणी सांगत नाही, आणि सांगितल्या तर त्यानंतर तो माणूस मान वर करत नाही. डॉक्टरांना आधी माहिती हवी असेल तर सिस्टर बीपी घेतात त्या कोपऱ्यात ती विचारू द्या. अर्थात बीपीचा पट्टा हाताला असताना तिथेही विचारू नका. बीपी मोजण्याआधी माणूस पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसलेला असावा आणि मोजताना बोलू नये, असा संकेत आहे. दवाखान्यात आल्यानेच काहींचे बीपी वाढलेले येते. काउंटरवर वाद घालून आलेल्या माणसाचे लगेच मोजले तर आकडा आणखी फसवा निघू शकतो. म्हणून काउंटरवर काही झाले असेल तर सिस्टरला तसे सांगा. तिला ते पाच मिनिटांनी पुन्हा मोजता येईल.

एका बाबतीत मात्र हा सगळा सल्ला गुंडाळून ठेवा. छातीत दुखणे किंवा दडपण, दरदरून घाम, वाक्य पुरे करता येऊ नये इतकी धाप, तोंड वाकडे होणे किंवा जीभ जड होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, शुद्ध हरपणे, पावसाळ्यात शेतातून आलेला साप चावल्याचा पेशंट, यांपैकी काहीही दिसले तर नाव, नंबर, फी काहीही नको. हे भीतीने होत असेल असे स्वतःच ठरवू नका. घाबरल्यानेही धाप लागते आणि घाम फुटतो हे खरे, पण कारण कोणते ते ओळखणे काउंटरचे काम नव्हे. तिथे पहिले वाक्य पेशंटला उद्देशून नसते. सिस्टरला हाक मारा, डॉक्टरांचे दार उघडा, आणि मग पेशंटकडे वळून ‘मी इथेच आहे, डॉक्टर आले’ एवढे बोला.

राहिला चाळीस माणसांचा प्रश्न. ‘या मावशी, बसा’ या वाक्याला ‘नंबर लावलाय का?’पेक्षा फारतर तीन सेकंद जास्त लागतात, त्यामुळे वेळ तिथे जात नाही. वेळ जातो तो नोंदणी, फी, फोन, औषध कंपनीचे प्रतिनिधी आणि रिपोर्ट शोधणे ही सगळी कामे एकाच तोंडाने करण्यात. डॉक्टरसाहेबांशी बोलायचे असेल तर ‘मी हसत नव्हते’ हे पटवत बसण्यापेक्षा दोन गोष्टी मागा. पहिल्या तासात फोन कंपाउंडरकडे असावा, आणि प्रतिनिधींची वेळ दुपारी ठेवावी. आठवडे बाजाराच्या दिवशी, जेव्हा आसपासच्या गावांची माणसे एकदमच उतरतात, तेव्हा दार उघडताच एकदा उभे राहून सगळ्यांना मिळून सांगा: ‘सगळ्यांची नावं मी आल्या क्रमाने घेणार आहे, कोणाचं राहणार नाही. ज्यांना चक्कर, धाप किंवा छातीत दुखतंय त्यांनी आत्ताच हात वर करा.’ हात वर झाला तर त्याला थेट आत न्या. बाकीचे बसतील. मग एकेकाला खुर्चीवर घ्या आणि प्रत्येकाला तुमचे पहिले वाक्य स्वतंत्रपणे बोला, कारण उभे राहून सगळ्यांना सांगितलेले वाक्य मागच्या कोपऱ्यात पदर दाताखाली धरून बसलेल्या बाईला आपल्यासाठी होते असे वाटलेले नसते.